गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस: चौदा पूर्ण दिवस, गणपूर्ती आणि प्रॉक्सीचा घोळ

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस एका पानाची असते, पण सभा पुढे वादात सापडते ती बहुतेक वेळा त्या पानावरच्या तीन चुकांमुळे. दिवस मोजताना एखादा कमी पडतो. गणपूर्ती झाली नाही तर पुढे काय, हे लिहायचे राहून जाते. आणि कंपनीच्या नोटिशीतून उचललेला प्रॉक्सीचा परिच्छेद तसाच छापला जातो. ज्याला ठराव नको आहे असा एखादा सभासद निबंधक कार्यालयात गेला, की याच तीन जागांवर बोट ठेवतो.

पुढची माहिती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी यांना धरून आहे. तुमच्या संस्थेला लागू होतात ते मात्र तुमचे नोंदणीकृत उपविधी. जुन्या संस्थांनी नवे आदर्श उपविधी स्वीकारले नसतील तर आकडे वेगळे असू शकतात. म्हणून निबंधकांचा शिक्का असलेली उपविधींची प्रत कपाटातून काढून टेबलावर ठेवा आणि मगच नोटीस लिहायला घ्या.

उदाहरणासाठी भुसावळमधली २८ सदनिकांची एक संस्था धरू. निम्मे सभासद रेल्वेत, काही निवृत्त, काहींची शेती रावेर-यावलकडे, आणि चार-पाच सदनिकांचे मालक पुण्या-मुंबईला. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची सभा घ्यायची आहे.

## टप्पा १: तारीख ठरवण्याआधी हिशेब पूर्ण करा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा व्हावी लागते. लेखापरीक्षण मात्र चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पूर्ण व्हायला हवे. त्यामुळे सभेसाठी खरा मोकळा काळ ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढाच उरतो.

नोटीस काढायच्या दिवशी हातात काय हवे? लेखापरीक्षकाची सही असलेला ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक, लेखापरीक्षण अहवाल, मागच्या अहवालातल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल, समितीचा वार्षिक अहवाल आणि मागच्या सभेचे अंतिम इतिवृत्त. ‘ऑडिट सभेपर्यंत येईलच’ या भरवशावर नोटीस काढू नका. अहवाल सभेच्या आदल्या रात्री आला तर सभासदांनी तो वाचलेला नसतो, आणि न वाचलेले हिशेब मंजूर करायला कुणीही हरकत घेऊ शकतो.

तारीख निवडताना महिन्याचा शेवट टाळा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सभा ठेवली आणि ती दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली, तर पुढची तारीख किमान सात दिवसांनंतरची असते. म्हणजे ३० सप्टेंबर हातातून गेलीच. शिवाय निबंधकांकडे पाठवायच्या वार्षिक विवरणपत्रांची मुदतही तीच, आणि त्यात सभेची तारीख लिहावी लागते. सभा मुदतीत घेतली नाही तर जबाबदार समिती सदस्यांना अपात्र ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे.

आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरचे रविवार मोकळे नसतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि त्या दिवशी निम्मी इमारत गावाला गेलेली असते. पोळ्याला शेतीवाले नसतात. गणपतीत सगळे असतात, पण बसायला वेळ कुणालाच नसतो. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणून आपल्या उदाहरणात रविवार, ६ सप्टेंबर २०२६ ही तारीख घेऊ.

तारीख, वेळ, ठिकाण आणि विषय व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करूनच ठरवा. सचिवाने चेअरमनशी फोनवर बोलून परस्पर काढलेली नोटीस तांत्रिकदृष्ट्या लंगडी असते. समितीच्या त्या सभेआधी आठ-दहा दिवस फलकावर एक साधी सूचना लावा: ‘वार्षिक सभेत विषय मांडायचा असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी द्यावा.’ आयत्या वेळी होणारी अर्धी भांडणे इथेच मिटतात.

तपासा: समितीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख नोटिशीत लिहिता येते का? येत नसेल तर आधी ठराव करा.

## टप्पा २: चौदा पूर्ण दिवस मोजा

वार्षिक सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. विशेष सर्वसाधारण सभेला ५ पूर्ण दिवस पुरतात, आणि बरेच सचिव या दोन आकड्यांची गल्लत करतात. ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. मधले चौदा दिवस पुरे हवेत.

६ सप्टेंबरच्या सभेसाठी उलटे मोजू. ५ सप्टेंबर ते १ सप्टेंबर हे पाच दिवस. ३१ ऑगस्ट ते २३ ऑगस्ट हे नऊ. मिळून चौदा. म्हणजे शेवटच्या सभासदाच्या हातात नोटीस पडायला हवी ती उशिरात उशिरा शनिवार, २२ ऑगस्टला. ज्यांनी २३ ऑगस्टला, ‘बरोबर दोन आठवडे आधी’ म्हणून वाटली, त्यांचे तेराच दिवस भरले.

२२ ही कड झाली. कडेवर काम ठेवू नका. रेल्वेतला सभासद लाईनवर असतो, त्याचे दार दोन दिवस बंद असते. पुण्याला पाठवलेल्या टपालाला तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे नोटिशीवर तारीख १४ ऑगस्ट टाका, बाहेरगावची टपाले त्याच दिवशी रवाना करा आणि इमारतीतले वाटप १८ ऑगस्टपर्यंत उरका. मग कुणाचे दार उघडले नाही तरी पुन्हा जायला चार दिवस हातात राहतात.

सावधान: नोटिशीवर १४ ऑगस्ट लिहून प्रत्यक्षात २५ ला वाटणे ही सर्वांत सहज पकडली जाणारी चूक आहे. पोहोच-वहीतल्या सहीखाली सभासद तारीख लिहितो, आणि तक्रार झाली की पाहिली जाते ती तारीख.

## टप्पा ३: विषयपत्रिका लिहा

वार्षिक सभेचे काही विषय ठरलेलेच आहेत: मागचे इतिवृत्त आणि त्यावरची कार्यवाही, समितीचा अहवाल आणि हिशेब, लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षकाची नेमणूक. यातले काही गाळता येत नाही. लेखापरीक्षक शासनाने मान्य केलेल्या नामतालिकेतलाच हवा आणि एकाच संस्थेला लागोपाठ तीन वर्षांपेक्षा जास्त नको. त्याचे संमतिपत्र सभेआधी घेऊन ठेवा. सभेत नाव मंजूर झाले आणि नंतर त्याने नकार दिला, तर एवढ्यासाठी पुन्हा सभा बोलावण्याची वेळ येते.

खरी कसोटी लागते ती संस्थेच्या स्वतःच्या विषयांत. ‘इमारत दुरुस्तीबाबत चर्चा करणे’ असा विषय लिहिला, तर त्यातून चर्चाच निघते. त्या विषयाखाली पैसे गोळा करायचा ठराव केला, की गैरहजर सभासद विचारतो, ‘दुरुस्ती करायची हे मला कळवलंत, पण प्रत्येकी तेरा हजार घेणार हे कुठे लिहिलं होतं?’ आणि त्याचे बरोबर असते.

म्हणून विषयात चार गोष्टी आणा: काय करायचे, अंदाजे किती रुपयांत, पैसे कुठून येणार, आणि सभेने नेमके काय ठरवायचे. आपल्या संस्थेला गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे आहे असे समजा. विषय असा लिहावा:

‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन दरपत्रकांचा (तुलनात्मक तक्ता सोबत) विचार करून ठेकेदार निश्चित करणे, अंदाजे खर्च ₹३,८५,००० भागवण्यासाठी प्रति सदनिका ₹१३,७५० इतकी वर्गणी दोन हप्त्यांत घेण्यास मंजुरी देणे.’

आकडा थोडा मागेपुढे झाला तर चालते, सभेला रक्कम कमी करता येते. पण नोटिशीत आकडाच नसेल तर गैरहजर सभासदाला सभेला यायचे कारणच कळलेले नसते.

आता ‘आयत्या वेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’. हा शेवटचा विषय ठेवायला हरकत नाही, पण त्याला पोत्यासारखे वापरू नका. ज्या विषयांना आगाऊ नोटीस लागते ते यात घुसवता येत नाहीत. उपविधी दुरुस्ती, देखभाल खर्चात वाढ, मोठा खर्च, कुणा सभासदावर कारवाई यांपैकी काहीही इथे मंजूर करू नका. जिन्यातला दिवा, कचऱ्याची वेळ, टँकर बोलावताना फोन कुणी करायचा, एवढ्यासाठी तो आहे. उपविधी दुरुस्ती असेल तर मूळ मजकूर आणि सुचवलेला मजकूर दोन्ही नोटिशीसोबत द्या. तिला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. पुनर्विकास मात्र वार्षिक सभेच्या पत्रिकेत ओढूच नका. त्याची पद्धत वेगळी आहे आणि त्यासाठी स्वतंत्र विशेष सभाच हवी.

विषयांचा क्रमही विचार करून लावा. खर्चाचा विषय शेवटी ठेवला तर जेवायच्या वेळेला लोक एकेक उठू लागतात आणि मोजून दहा जण तीन-चार लाखांचा निर्णय घेतात. हिशेब आणि लेखापरीक्षक झाले की लगेच तो घ्या.

## टप्पा ४: गणपूर्तीचा आकडा काढा

आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे ३० किंवा त्याहून जास्त सभासद असतील तर आकडा सरळ २०. मग संस्था चाळीसची असो की दोनशेची. तीसच्या खाली मात्र दोन-तृतीयांश काढावे लागतात, आणि घोळ होतो तो लहान संस्थांत.

पहिला घोळ: सदनिका मोजल्या जातात, सभासद नाही. मोजायचे ते सभासद नोंदवहीवरून, म्हणजे आय नमुना आणि जे नमुन्यातल्या यादीवरून. आपल्या संस्थेत सदनिका २८ आहेत. एका सभासदाच्या नावावर दोन सदनिका आहेत, पण माणूस एक, सभासदत्व एक. म्हणून २७ झाले. एक सभासद गेल्या वर्षी वारले आणि वारसाचे किंवा नामनिर्देशित व्यक्तीचे नाव अजून दाखल झालेले नाही. मृत्यूने सभासदत्व संपते, म्हणून २६. पती-पत्नी दोघांची नावे असलेल्या सदनिकांत संयुक्त सभासद वेगळा मोजायचा नाही.

२६ चे दोन-तृतीयांश १७.३३. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणून गणपूर्ती १८. सतरा हजर असताना सभा सुरू केली तर ती गणपूर्तीविना झाली. आणि २८ वरून मोजले असते तर १९ आले असते, मग अठरा जण हजर असूनही सभा विनाकारण तहकूब झाली असती.

दुसरा घोळ हजेरीचा. एका सदनिकेतून नवरा-बायको दोघे आले, दोघांनी सह्या केल्या आणि सचिवाने सह्या मोजल्या. हजेरीपत्रकात आधीच सदनिका क्रमांक आणि सभासदाचे नाव छापून ठेवा, एका ओळीला एकच सही. शेजारी ‘सभासद / संयुक्त सभासद / सहयोगी सभासद’ असा रकाना आणि आल्याची वेळ. भाडेकरू नाममात्र सभासद असला तरी त्याला मत नाही आणि गणपूर्तीतही तो धरायचा नाही.

तपासा: नोटीस काढायच्या आधी सभासद नोंदवहीतली नावे आणि भाग प्रमाणपत्रांवरची नावे एकदा जुळवून पाहा. विकलेली पण हस्तांतरण न झालेली एखादी सदनिका हमखास सापडते. हस्तांतरण होईपर्यंत सभासद जुनाच मालक, आणि नोटीसही त्यालाच.

## टप्पा ५: तहकुबीचे वाक्य घड्याळासह लिहा

दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी नंतरच्या वेळेला घेता येते, पण ती वेळ मूळ नोटिशीत आधीच सांगितलेली असेल तरच. नाहीतर ती पुढच्या तारखेला, सात दिवसांआधी नाही आणि तीस दिवसांनंतर नाही, अशी घ्यावी लागते. अशा तहकूब सभेत गणपूर्ती नसली तरी कामकाज चालवता येते.

म्हणजे सगळा भार नोटिशीतल्या एका वाक्यावर आहे. ते वाक्य नसेल आणि तुम्ही चहा पिऊन साडेअकराला सभा सुरू केलीत, तर त्या सभेला आधारच उरत नाही.

‘सभा अर्ध्या तासाने घेण्यात येईल’ असेही लिहू नका. अर्धा तास कशापासून? सुरुवातीच्या वेळेपासून की तहकुबीपासून? सभा दहाची असेल तर साडेदहापर्यंत वाट पाहायची आणि तहकूब सभा ११ ला. तिन्ही वेळा घड्याळाप्रमाणे लिहा.

तहकूब सभेत मूळ नोटिशीतलेच विषय घेता येतात. गणपूर्तीचे बंधन नाही म्हणजे नियमांचेच बंधन नाही, असा समज काही समित्यांचा असतो. नऊ जणांनी आयत्या वेळी एक नवीन वर्गणी मंजूर केली आणि उरलेले सतरा जण चिडले, तर दोष त्या सतरांचा नाही.

सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली विशेष सभा मात्र गणपूर्तीअभावी रद्दच होते, तिला तहकुबीचा लाभ नाही. वार्षिक सभेची नोटीस नमुना म्हणून वापरून विशेष सभेची काढताना हे वाक्य तसेच राहते, तेवढे पाहा.

## टप्पा ६: प्रॉक्सीचा परिच्छेद काढून टाका

कंपनी कायद्यात भागधारकाला प्रॉक्सी नेमता येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत येत नाही. अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे मत स्वतः हजर राहूनच द्यायचे असते, प्रॉक्सीमार्फत नाही. आदर्श उपविधी त्याच्याही पुढे जातात: प्रॉक्सी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेली व्यक्ती यांना सभेत बसताही येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात ‘प्रॉक्सी फॉर्म ४८ तास आधी जमा करावा’ असे वाक्य दिसले, की तो नमुना कंपनीचा आहे हे ओळखा आणि बाजूला ठेवा.

मग सभासद येऊ शकत नसेल तर काय? मार्ग आहेत, पण त्यांची तयारी नोटिशीच्या आधी करावी लागते.

भाग प्रमाणपत्रावर दोन-तीन नावे असतील तर पहिले नाव असलेल्याचा मताचा हक्क. तो हजर नसेल तर दुसरे नाव, तेही नसेल तर तिसरे, अशा क्रमाने. यासाठी पत्र लागत नाही. लोको पायलट ड्यूटीवर असेल आणि प्रमाणपत्रावर दुसरे नाव पत्नीचे असेल, तर ती येऊन मत देऊ शकते. तो स्वतः आला असेल तर मात्र मत त्याचे एकट्याचेच.

प्रमाणपत्रावर पत्नीचे किंवा मुलाचे नाव नसेल तर त्यांना सहयोगी सभासद करून घ्यावे लागते. त्यासाठी सभासदाचा लेखी अर्ज, शुल्क आणि समितीचा ठराव हवा. पती, पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई-सून, पुतण्या-भाचा किंवा पुतणी-भाची एवढ्यांनाच हे सभासदत्व मिळते. शेजारी किंवा दूरचा चुलता यात बसत नाही. सहयोगी सभासद मूळ सभासद नसताना, त्याच्या आगाऊ लेखी संमतीने हजर राहतो. सभेच्या दिवशी दारात अर्ज भरून कुणी सहयोगी सभासद होत नाही, कारण समितीने तो मंजूर करायचा असतो. जुलैमध्येच सगळ्यांना ही आठवण करून दिली तर ऑगस्टच्या समिती सभेत सगळे अर्ज एकदम निघतात.

सदनिका एखाद्या कंपनीच्या, भागीदारी संस्थेच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या नावावर असेल तर तिने लेखी नेमलेला प्रतिनिधी येऊ शकतो. हा प्रॉक्सी नव्हे. त्या सभासदाला स्वतःचे पाय नाहीत, म्हणून ही सोय.

दारावर नेहमी होणारा प्रसंग असा. पुण्यातल्या सभासदाचे वडील येतात, हातात नोटरी केलेले मुखत्यारपत्र. ‘अण्णा, तुम्ही बसा हो, घरचेच आहात,’ असे सचिव म्हणतो आणि सही घेतो. त्या दिवशी मतदान ९ विरुद्ध ९ असे अटीतटीचे झाले, तर अण्णांचे एक मत पूर्ण ठराव खाली ओढू शकते. मुखत्यारपत्राने सदनिका विकता येते, सभेत मत देता येत नाही, हे त्यांना नम्रपणे पण दारातच सांगा. सही घेतल्यानंतर सांगणे फार अवघड जाते.

## टप्पा ७: नोटीस लिहा

वरचे सगळे एकत्र केले की मजकूर असा होतो. रिकाम्या जागा भरून घ्या आणि आकडे तुमच्या उपविधींशी ताडून पाहा.

> ______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, भुसावळ, जि. जळगाव
> नोंदणी क्र. ______  दिनांक: १४ ऑगस्ट २०२६
>
> वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस
>
> संस्थेच्या सर्व सभासदांना कळवण्यात येते की, व्यवस्थापन समितीच्या दि. ______ च्या सभेतील ठराव क्र. ___ नुसार, आर्थिक वर्ष २०२५-२६ ची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. ६ सप्टेंबर २०२६ रोजी सकाळी १०.०० वाजता संस्थेच्या आवारात पुढील विषयांचा विचार करण्यासाठी होईल. कृपया वेळेवर उपस्थित राहावे.
>
> १. मागील वार्षिक सभेचे (दि. ______) इतिवृत्त वाचून कायम करणे व त्यावरील कार्यवाहीची नोंद घेणे.
> २. समितीचा २०२५-२६ चा अहवाल, ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक स्वीकारणे.
> ३. लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे.
> ४. २०२६-२७ साठी शासनमान्य नामतालिकेतील लेखापरीक्षक नेमणे व मेहनताना ठरवणे.
> ५. गच्चीचे वॉटरप्रूफिंग: तीन दरपत्रकांचा विचार करून ठेकेदार निश्चित करणे, अंदाजे खर्च ₹३,८५,००० साठी प्रति सदनिका ₹१३,७५० वर्गणी दोन हप्त्यांत घेण्यास मंजुरी देणे.
> ६. २०२६-२७ च्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे.
> ७. आगाऊ नोटीस आवश्यक नसलेले इतर विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.
>
> सूचना
> (अ) सभेची गणपूर्ती १८ सभासदांची आहे. सकाळी १०.३० पर्यंत गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होईल व ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी ११.०० वाजता याच विषयांसाठी घेण्यात येईल. त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.
> (आ) प्रॉक्सी, मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्राद्वारे सभेस उपस्थित राहता येणार नाही. सभासद अनुपस्थित असल्यास भाग प्रमाणपत्रावरील पुढील नावाचे संयुक्त सभासद, किंवा सभासदाच्या आगाऊ लेखी संमतीने संस्थेने दाखल केलेले सहयोगी सभासद उपस्थित राहू शकतील.
> (इ) हिशेबाबाबत प्रश्न असल्यास दि. ३० ऑगस्टपर्यंत लेखी द्यावेत, म्हणजे कागदपत्रांसह उत्तर देता येईल.
>
> समितीच्या आदेशावरून,
> सचिव
>
> सोबत: ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, मागील इतिवृत्त, अंदाजपत्रक, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता.

सूचना (इ) ही सोय आहे, अट नाही. ३० तारखेनंतर किंवा सभेत उभे राहून कुणी हिशेबाचा प्रश्न विचारला तर ‘लेखी दिला नव्हता’ म्हणून गप्प बसवता येणार नाही.

## टप्पा ८: वाटप आणि पोहोच

नोटीस प्रत्येक सभासदाला जायला हवी. थकबाकीदारालाही, समितीशी कोर्टात भांडणाऱ्यालाही, आणि वर्षानुवर्षे सभेला न येणाऱ्यालाही. ‘तो येतच नाही’ म्हणून एक प्रत कमी काढली, तर त्या एकाच्या हातात तुम्ही सभेला आव्हान द्यायचे कारण दिलेत.

इमारतीत राहणाऱ्यांना हातात द्या आणि पोहोच-वहीत सही, तारीख घ्या. सही द्यायला नकार मिळाला तर वहीत तसा शेरा लिहा, सोबतच्या समिती सदस्याची सही घ्या आणि त्याच दिवशी तीच प्रत टपालानेही पाठवा. बाहेरगावच्या सभासदांना संस्थेकडे नोंदवलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा. पूर्वीची रजिस्टर्ड पोस्ट सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, त्यामुळे पावती आणि पोहोचीचा ऑनलाइन तपशील छापून फाइलला लावा. सभासदाने ईमेल नोंदवला असेल तर ईमेलही करा, सगळी जोडपत्रे लावून. एक प्रत फलकावर लावा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे ही आठवण झाली, नोटीस नव्हे. ग्रुपमध्ये भाडेकरू असतात, सभासदांची मुले असतात, आणि प्रत्यक्ष सभासद कित्येकदा नसतातच. सभेच्या आदल्या संध्याकाळी तिथे एक संदेश जरूर टाका, पण फाइलमध्ये त्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

## टप्पा ९: सभेच्या दिवशी आणि नंतर

हजेरीपत्रक साडेनऊलाच टेबलावर ठेवा. १०.३० ला सह्या मोजून आकडा मोठ्याने सांगा: ‘हजर सोळा, गणपूर्ती अठरा, सभा तहकूब, अकराला पुन्हा.’ इतिवृत्तात या दोन वेगळ्या नोंदी हव्यात, एक तहकुबीची आणि एक तहकूब सभा सुरू झाल्याची, दोन्ही वेळांसह. पुष्कळ इतिवृत्तांत नुसतेच ‘सभा ११ वाजता सुरू झाली’ असे असते आणि मग मूळ सभेचे काय झाले ते कळत नाही.

मूळ सभा गणपूर्तीने सुरू झाली आणि मध्येच लोक निघून आकडा खाली गेला, तर तिकडे दुर्लक्ष करू नका. कुणी लक्षात आणून दिले की अध्यक्षाने सभा तहकूब करून उरलेले विषय पुढे घ्यायचे असतात. वॉटरप्रूफिंग पाचव्या क्रमांकावर, आयत्या वेळच्या विषयांच्या बरेच आधी घेतले ते याचसाठी.

मतदान हात वर करून. एका सभासदाला एक मत, दोन सदनिका असल्या तरी. बाजूने किती आणि विरुद्ध किती, हे आकड्यांत लिहा. ‘बहुमताने मंजूर’ एवढे पुरत नाही. समसमान झाले तर अध्यक्षाचे निर्णायक मत.

इतिवृत्ताचा मसुदा तीन महिन्यांच्या आत समितीने ठरवायचा, त्या समिती सभेपासून पंधरा दिवसांत सर्व सभासदांना द्यायचा, आणि सभासदांना हरकती कळवायला पुढचे पंधरा दिवस. हरकती विचारात घेऊन समिती त्यानंतरच्या सभेत इतिवृत्त अंतिम करते. तीन महिने ही कमाल मुदत आहे. आठवणी ताज्या असताना पहिल्या आठवड्यातच मसुदा लिहून ठेवा.

नेमलेल्या लेखापरीक्षकाचे नाव त्याच्या संमतिपत्रासह सभेपासून एका महिन्यात, म्हणजे ६ ऑक्टोबरपर्यंत, निबंधकांना कळवा. वार्षिक विवरणपत्रे ३० सप्टेंबरपर्यंत भरायची आहेत. त्यासोबत ही फाइल बांधून ठेवा: समितीचा ठराव, नोटिशीची सही केलेली प्रत, पोहोच-वहीची छायाप्रत, टपालाच्या पावत्या, फलकाचा फोटो, हजेरीपत्रक, सहयोगी सभासदांची संमतिपत्रे आणि इतिवृत्त.